अण्णांचं परिपत्रक

मुलाला मिसरूड फुटली की काही बापांना वाचा फुटते. एरवी हे गृहस्थ मितभाषी असतात. साहेबापुढे 'हो सर', बायकोपुढे 'बघू', भाजीवाल्यापुढे नुसती मान. पण मुलगा दहावीत गेला रे गेला, की दात घासताना, गाडी पुसताना, वरणभात कालवताना त्यांच्या तोंडून जीवनविषयक सिद्धान्त बाहेर पडू लागतात. मुलगा ते ऐकत नाही. मग हे लिहायला बसतात.

आमच्या सोसायटीतले अण्णा या पंथाचे अध्वर्यू. सरकारी कार्यालयात अधीक्षक. दिवाणखान्यात वसंत बापटांच्या मराठीतलं, लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून प्रसिद्ध असलेलं ते पत्र चौकटीत लावलेलं. ते लिंकननंच लिहिलं याला काही पुरावा नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "कुणी का लिहिलं असेना, मुद्दे बरोबर आहेत." ते पत्र मुलाला नव्हे, मास्तरांना लिहिलेलं आहे, ही बारीक गोष्ट मात्र त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

जानेवारीत चिरंजीवांची पूर्वपरीक्षा झाली. भूमितीच्या पेपरात 40 पैकी 14. ही बातमी चिरंजीवांनी दिली नाही. वहिनींनी पावसाळ्यातला रेनकोट धुवायला काढला, तेव्हा त्याच्या खिशातून उत्तरपत्रिका निघाली. जानेवारीत रेनकोटला कोण हात लावणार, हा मुलाचा हिशेब चुकला, पण जागेची निवड बघता तर्कशक्ती शाबूत होती.

अण्णांनी त्या रात्री फुलस्केपचे चार कागद भरले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. मी मुद्रितशोधक. सोसायटीतल्या लग्नपत्रिकांपासून श्रद्धांजलीच्या फलकांपर्यंत सगळं माझ्या लाल पेनाखालून जातं. "शुद्धलेखन तेवढं बघा," अण्णा म्हणाले. मी बघू लागलो.

"विषय : भूमिती विषयातील असमाधानकारक गुण व ते दडविणेबाबत.
संदर्भ : तुझ्या आईचे तोंडी निवेदन, दि. 12.
चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद. उपरोक्त विषयास अनुसरून तुला कळविण्यात येते की, आम्ही तुझ्या वयाचे असताना..."

पुढे मुद्दे 1 ते 11, पाचव्या मुद्द्याला अ, ब, क. त्यात रॉकेलचा कंदील होता, चपलांची एकच जोडी होती, वरच्या मजल्यावरच्या मुलीचे 38 गुण होते, मोबाइल नावाचा राक्षस होता. "तुला लाज कशी वाटली नाही?" होतं, आणि लगेच खाली, "हे मी रागावून लिहीत नाही." शेवटी, "निर्णय तुझा आहे, मात्र तो योग्यच असावा."

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

थॉमस गॉर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 साली आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं. मुलांशी चाललेलं बोलणं ज्यांनी खुंटतं अशा 12 गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. हुकूम, धमकी, प्रवचन, न मागितलेला सल्ला, दोषारोप, नावं ठेवणं, उलटतपासणी, इतकंच काय, तोंडदेखली स्तुतीसुद्धा. मी ही यादी अण्णांना ऐकवली. ते प्रत्येक नावाला मान डोलावत होते. मला वाटलं, पटतंय. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपलं बरंचसं कव्हर झालंय."

तेव्हा मी मसुदा घेऊन त्यांच्याच स्वयंपाकघरात गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. "वहिनी, मी अर्धं वाक्य वाचतो, तुम्ही पुरं करा," म्हटलं.

"आम्ही तुझ्या वयाचे असताना..."

"कंदिलात अभ्यास केला," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

"आम्ही काही तुझे..."

"शत्रू नाही."

"आज हसशील, पण उद्या..."

"आमचे शब्द आठवतील. पुढचं वाचू नका, भाजी करपेल."

जे वाक्य घरातल्या माणसाला अर्ध्यावरून पुरं करता येतं, ते मुलाला पंधरा वर्षांत पाठच झालेलं असतं. ते कागदावर आलं की डोळे त्या वाक्यावरून घसरतात, आणि घसरत घसरत सहीपर्यंत पोचतात. अशा वाक्यांवर मी रेघ मारत गेलो. साडेतीन कागद गेले. अण्णांनी कंदिलासाठी बरीच झुंज दिली. "तो खरा होता हो!" खरा होता, पण चिठ्ठी कुणाबद्दल होती? कंदील आला की ओंकार जातो आणि अण्णा येतात.

उरलेल्या अर्ध्या कागदात 'नेहमी' तीनदा होतं आणि 'कधीच नाही' दोनदा. हे शब्द दिसले की मूल मजकूर सोडून अपवाद शोधू लागतं. "नेहमी कुठे? दिवाळीत मी..." म्हणून ते गेले. वरच्या मजल्यावरची मुलगी गेली. लाजेचा प्रश्न गेला, कारण त्याला उत्तर नको होतं. मग एक बरं वाक्य सापडलं : "तुझी आकृती सुबक असते, पण..." मी 'पण'च्या आधी पूर्णविराम दिला. 'पण'नंतर जे येतं तेच मुलाला ऐकू येतं, आधीची सुबक आकृती फुकट जाते.

आता कागदावर राहिलं फक्त "भूमितीत 14". अण्णा हताश झाले. "मग लिहू तरी काय?"

"पेपरात नेमकं कुठं गेलं त्याचं?"

अण्णा गप्प झाले. त्यांनी पेपर पाहिला होता म्हणजे पहिल्या पानावरचा लाल आकडा पाहिला होता. आत काय आहे ते उघडून पाहिलंच नव्हतं. सांगण्यासारखं हाती काही नसलं की पत्र लांबतं. अण्णांचे अकरा मुद्दे त्यातून आले होते.

आम्ही पेपर उघडला. 'केंद्राचा वापर न करता वर्तुळाला स्पर्शिका काढा', या रचनेला पैकीच्या पैकी. मात्र खोडरबरानं कागद इतका घासलेला की मागचं पान दिसत होतं. पोरानं ती आकृती पुन्हा पुन्हा काढली असणार. वर्तुळावरच्या प्रमेयाच्या सिद्धतेत पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, फक्त समोरच्या कंसातली कारणं नाहीत, म्हणून गुण कापलेले. आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे. अण्णा सरकारी हिशेबाचे गृहस्थ, ते लगेच बोटं मोजू लागले. दोन तासांत 40 गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या प्रश्नाला सहा. स्पर्शिकेनं किती खाल्ली असतील?

"म्हणजे त्याला येत नाही असं नाहीच," अण्णा म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच काहीतरी विचारायचं होतं.

लपवण्याचं काय करायचं, यावर थोडी चकमक झाली. अण्णांना निदान 'खेदजनक' हा शब्द हवा होता. वहिनी मेथीचे देठ गोळा करत म्हणाल्या, "त्यानं पेपर नाही लपवला, हे चार कागद चुकवले." तरी गोष्ट वगळून चालणार नव्हती, नाहीतर पेपर हाती कसा आला हे त्याला कळणार नाही, आणि आपली कपाटं तपासली जातात असं वाटेल. तेव्हा ती एकदाच, सरळ, विशेषणाविना लिहायची असं ठरलं. 'चि. ओंकार' हे संबोधनही गेलं. घरात पूर्ण नावाची हाक फक्त रागात पडते. रात्री तयार झालेली चिठ्ठी अशी :

"ओम्या,
आईनं रेनकोट धुवायला काढला, त्यात भूमितीचा पेपर मिळाला. आम्ही शोधत नव्हतो. आधी आकडा पाहून मला धक्का बसला. मग आज पेपर नीट वाचला.
स्पर्शिकेची आकृती फार सुबक आलीय. प्रमेयाच्या पायऱ्याही बरोबर आहेत, कारणं लिहायची राहिलीत. शेवटचे दोन प्रश्न कोरे आहेत. वेळ पुरला नाही, की ते येत नव्हते? मला कळलं नाही, तुला माहीत असेल.
बोर्डाच्या आधी एक पेपर घड्याळ लावून सोडवायचा असेल, तर रविवारी सकाळी मी शेजारी बसेन. शिकवणार नाही, वेळ बघेन. नको असेल तर तसं सांग, चालेल.
बाबा"

पुढचा प्रश्न पोचवण्याचा. अण्णा व्हॉट्सॲपवर टाकणार होते. पण तिथे दोन निळ्या खुणा उमटल्या की बापाला उत्तराची घाई सुटते. जेवताना हातात द्यावी, तर वाचताना चेहरा न्याहाळला जाणार. शेवटी चिठ्ठी कंपासपेटीत, कोनमापकाखाली ठेवली. अट एकच : 'वाचलीस का?' असं विचारायचं नाही. अण्णांच्या आयुष्यातला हा सर्वांत खडतर नियम असावा. दोन दिवस ते मुलाच्या खोलीवरून जाताना खोकत होते.

वहिनींनी एक गोष्ट बजावली, ती मला फार बरोबर वाटली. "हे मार्कांपुरतं ठीक आहे. पोरगं जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, गप्प गप्प राहायला लागलं, तर चिठ्ठ्या लिहीत बसू नका. उठून त्याच्याजवळ जा, आणि डॉक्टरांकडे जायची लाज बाळगू नका."

तिसऱ्या दिवशी चिठ्ठी अण्णांच्या चष्म्याच्या घरात परत आली. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं : "वेळ पुरला नाही. एक प्रश्न येत पण नव्हता. रविवार चालेल, पण आठ नाही, दहा. आणि खोकायचं नाही."

रविवारी अण्णा दोन तास गप्प बसले. पोरानं स्पर्शिका एकदा काढली, खोडायला रबर उचललं, समोरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलं. त्या वेळी अण्णांच्या तोंडाशी निदान तीन सुविचार आले होते, असं ते स्वतः सांगतात. एकही बाहेर पडला नाही. शेवटचा एक प्रश्न तरीही कोरा राहिला. तो कसा सोडवायचा हे पोरानंच विचारलं, आणि अण्णांना ते येत नव्हतं, त्यामुळे दोघांनी पुस्तक उघडलं.

या यशानं अण्णा पार बदलले. परवा सोसायटीतल्या दहावीच्या समस्त पालकांच्या दाराखालून एक पाकीट सरकलं. माझ्याकडेही 'प्रत : माहितीस्तव' आली. आत फुलस्केपचे सहा कागद. विषय : मुलांना लहान चिठ्ठी लिहिणेबाबत मार्गदर्शक सूचना. पहिली सूचना अशी : "चिठ्ठी अत्यंत थोडक्यात लिहावी. याबाबतचे सविस्तर विवेचन मुद्दा क्र. 2 ते 19 मध्ये केले आहे."