कोंबड्यांनी दमवलेला सर्व्हर

भाच्याच्या हट्टापायी मी घरच्या जुन्या संगणकावर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायला घेतला. चार पोरं खेळत होती तोवर मी देवमाणूस होतो. दिवाळीच्या सुट्टीत ती चौदा झाली आणि फोन सुरू झाले, "मामा, दगड फोडला की परत उगवतोय!"

हा खेळ सेकंदाला 20 वेळा साऱ्या जगाचा हिशेब करतो. अशा एका हिशेबाला टिक म्हणतात, आणि तो 50 मिलिसेकंदांत उरकावा लागतो. मी `tick query` विचारलं, तर सरासरी 95 निघाली. म्हणजे सेकंदाला जेमतेम दहा टिक. पोराच्या पडद्यावर दगड फुटलेला असे, सर्व्हरच्या लेखी मात्र अर्धाच, म्हणून तो पुन्हा जागेवर.

टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर 15 टक्केच वापरात! मी निश्चिंत झालो, आणि तिथेच फसलो. जगाचा मुख्य हिशेब एकच कोर करतो. आठांपैकी एक घाम गाळत होता नि बाकीचे सात सरकारी कचेरीतल्यासारखे चहा पीत होते. सरासरीत घाम दिसत नाही.

मग मी हौशी माणसाचा हमखास उपाय केला. मेमरी वाढवली. आठ जीबीच्या संगणकात `-Xmx7G`. विंडोजला उरला एक जीबी, त्यामुळे ते मेमरीतला माल उचलून डिस्कवर ठेवू लागलं. सर्व्हरला तोच माल हवा झाला की सगळा कारभार दोन-तीन सेकंद ठप्प. तेवढ्यात धावणाऱ्या पोराची पावलं दाराशी साचत. ती सगळी एकाच टिकमध्ये आत आली की सर्व्हरला वाटे, हा एका दमात बारा-तेरा ठोकळे कसा आला? लबाडी! लॉगमध्ये `moved too quickly!` अशी नोंद, आणि पोरगा रबराने खेचल्यासारखा मागे.

"मामा, आता पूल ओलांडला की परत अलीकडेच येतो!"

दगडांची तक्रार होतीच, तिच्यात पुलाची भर पडली. सतत मंद चाललं तर प्रोसेसर, मधूनच सगळे एकदम गोठले तर बहुधा मेमरी, हे मला या दोन तक्रारींनी शिकवलं.

`-Xmx4G` केल्यावर पूल सुधारला. दगडांसाठी जगात हिंडलो, तर एका वाड्यात चारशे कोंबड्या सापडल्या. दाटीतली प्रत्येक कोंबडी दर टिकला शेजारणींना ढकलते. वीस जणी एकत्र कोंबल्या की एका टिकला जवळपास चारशे ढकलाढकली तपासायच्या. चाळीस ठेवल्या, बाकी कापल्या. `tick query` पुन्हा विचारलं, 38 आलं.

कोंबड्या भाच्याच्या होत्या. तो आता फोन करत नाही, त्याची आई करते.