छताखालचं सुपर बिल्टअप

पौड रस्त्याला भूगाव ओलांडलं की कुठल्याही नव्या घरात शिरावं आणि मान वर करावी. स्लॅब दिसणार नाही. हल्ली मुळशी तालुक्यात स्लॅब उघडा ठेवणं म्हणजे पाहुण्यांसमोर बनियनवर येणं. आरसीसी डिझाइनचे पैसे मोजून, लोखंड बांधून, एकवीस दिवस पाणी मारून जो स्लॅब तयार केला, तो झाकण्यासाठी माणूस पुन्हा पैसे मोजायला तयार असतो आणि विचारतो एकच प्रश्न, "फुटाला काय दर?"

आमच्या दाजींनीही हाच विचारला. पौडच्या पुढे धरणाच्या बाजूला त्यांनी बंगला बांधला आहे. हॉल सोळा बाय बारा. सीलिंगवाला आला, खुर्चीवर न बसता उभ्यानेच वर बघून म्हणाला, "पंच्याण्णव." दाजी एसटी महामंडळातून निवृत्त झालेले, घासाघीस हा त्यांचा जोडधंदा. चहा येईपर्यंत दर पंच्याऐंशीवर आला. "जिप्सम बोर्ड, चॅनेल, मजुरी, सगळं धरून," असं त्यांनी तीनदा वदवून घेतलं. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२. त्याला ८५ ने गुणलं की १६,३२०. हा आकडा त्यांनी कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली लिहून ठेवला.

महिनाभराने हॉलचा एकूण खर्च निघाला ४०,०८४ रुपये. तोही कच्च्या चिठ्ठीवर. पक्कं बिल मागितलं असतं तर वर अठरा टक्के जीएसटी. तो न धरताही जमिनीच्या फुटाला २०९ रुपये.

फसवणूक झाली म्हणून ताईने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. मी चिठ्ठी घेऊन टेप लावली. फसवणूक अशी कुठे सापडेना. पंच्याऐंशी रुपयांचा शब्द त्या माणसाने पै न पै पाळला होता. दर पक्का होता, फूट तेवढा लवचीक होता.

कारण दाजींना सपाट सीलिंग नको होतं. सपाट तर बँकेतही असतं. त्यांना पाहिजे होतं चारी बाजूंनी दोन फुटांची पट्टी खाली, मधला भाग सहा इंच वर, आणि पट्टीच्या आतल्या कडेला खाचेत लपवलेला उजेड, ज्याला आता सगळे कोव्ह म्हणतात. दोन फुटांची पट्टी ऐकायला किरकोळ वाटते. सोळा बाय बाराच्या खोलीत ती बरोबर निम्मी जागा खाते : पट्टी ९६ चौरस फूट, मधला भाग ९६ चौरस फूट. इथवर बेरीज १९२ च राहते. पण पट्टी आणि मधला भाग यांच्यामध्ये जी उभी बाजू येते, ती खोलीभर फिरून ४० फूट लांब होते. आणि दिवे ठेवायला जी फळी आत काढावी लागते, तीही ४० फूट. या धंद्यातला रिवाज असा, की एक फुटापेक्षा कमी उंचीचं किंवा रुंदीचं काहीही असलं तरी त्याचा एक रनिंग फूट म्हणजे एक चौरस फूट धरायचा. सहा इंचांची उभी बाजू खरी भरते २० चौरस फूट, चिठ्ठीवर ४०. फळी आणि तिच्या टोकाचा तीन इंची काठ मिळून खरे होतात २८, चिठ्ठीवर पुन्हा ४०. झाले २७२. गुणिले ८५, तेवीस हजार एकशे वीस.

बघा, २०१७ साली महारेरा आलं आणि बिल्डरला फ्लॅट कार्पेटवर विकावा लागला. सुपर बिल्टअप म्हणून जो प्रकार होता, तो बेघर झाला. त्याला आसरा कुठे मिळाला, हे मला त्या दिवशी कळलं. जमिनीवर कार्पेट, छताला सुपर बिल्टअप.

आता सीलिंगवाल्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सपाट भागात कारागीर सहा बाय चारचा अख्खा बोर्ड उचलतो, ठोकतो, पुढे जातो. उभ्या बाजूला तोच बोर्ड अर्ध्या फुटाच्या पट्ट्यांत कापायचा, आत वेगळा सांगाडा, दोन्ही कडांना कोपरपट्टी, मग पुट्टी. सहा इंचांना बारा इंचांची मेहनत लागते, हे खरंच आहे. रिवाज त्यातूनच पडला. तो फक्त दर सांगताना कुणी सांगत नाही आणि ऐकताना कुणी विचारत नाही.

पंच्याऐंशी रुपयांत काय काय असतं, हे त्यानेच मला बोटांवर मोजून दाखवलं. वाया जाणारं धरून अकरा बोर्ड लागले, ४२० रुपयांचा एक. ते चिठ्ठीवरच्या फुटाला १७ रुपये पडले. लोखंडी सांगाडा २४. स्क्रू, जाळीपट्टी, जोडाची पुट्टी ६. मजुरी २५. उरले तेरा, त्यात टेम्पो, उचल, बुडीत उधारी आणि त्याचं घर.

मग दाजींनी चहाच्या कपावर जे दहा रुपये तोडले, ते कुठून गेले? मजुरीतून नाही. कारागीर शनिवारी रोख मागतो. बोर्डातून नाही. बोर्डाच्या मागे कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि दाजी ते चष्मा लावून वाचतात. काही त्याच्या तेरा रुपयांनी सोसले असतील. बाकीचे गेले जिथे बोर्ड चढल्यावर कुणाची नजर पोचत नाही तिथे, सांगाड्यात.

चांगल्या कामाचा हिशोब ठरलेला आहे. भिंतीला चारी बाजूंनी पेरिमीटर चॅनेल. स्लॅबला फास्टनर मारून त्यावरून लोंबणाऱ्या पट्ट्या, त्यांना दर चार फुटांवर आडवे इंटरमीडिएट चॅनेल, आणि त्यांच्याखाली काटकोनात सीलिंग सेक्शन, एकमेकांपासून ४५७ मिलिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर. बोर्ड या सेक्शनला दर नऊ इंचांवर स्क्रूने बसतो. सेक्शनचा पत्रा ०.५५ मिलिमीटर जाडीचा हवा. दाजींचा हॉल साधा सपाट धरला तरी दीड फुटाच्या अंतराने सेक्शनच्या दहा ओळी येतात. अंतर दोन फूट केलं की सातच. वर पत्रा पातळ घेतला, ज्याला दुकानदार 'लाइट माल' म्हणतो, की बचत पुरी झाली. या सांगाड्यावर सुमारे दोनशे किलोचे बोर्ड लटकणार असतात आणि त्याखाली दाजी दुपारी वामकुक्षी घेणार असतात.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. बोर्ड चढायच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन शिडीवर चढायचं आणि दोन सेक्शनमधलं अंतर मोजायचं. स्लॅबमध्ये फास्टनर आहे की भोकात लाकडाची खुंटी ठोकून खिळा मारलाय, तेही तेव्हाच दिसतं. दाजी त्या संध्याकाळी फरशीच्या दुकानात घासाघीस करत होते.

त्यांना ते दिसलं वास्तुशांतीच्या रात्री, आणि त्याला कारणीभूत त्यांचाच लाडका कोव्ह. लपवलेला उजेड छताला चाटून जातो. दिवसा जे छत कागदासारखं सपाट होतं, त्यावर रात्री प्रत्येक जोडाची सावली पडली. दोन फुटांच्या अंतराने बोर्ड किंचित झोललेले. त्यात काम जुलैतलं. जोडावर जाळीपट्टी लावून पुट्टीचे तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा असतो. मुळशीच्या जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे पुट्टीला कोण थांबतो? गुरुजींनी पूर्णाहुती दिली आणि पाहुणे वर बघत म्हणाले, "लाटांचं डिझाइन मस्त आहे." दाजींनी मान डोलावली.

लपलेल्या दिव्यांचा खर्चही लपूनच येतो. "सगळं धरून" यात उजेड धरलेला नव्हता. पट्टीत आठ छोटे गोल दिवे बसवले. दिवे २,८००, त्यांचं वायरिंग २,८००, आणि बोर्डाला भोक पाडायचे वेगळे साठ रुपये दर भोकाला, म्हणजे ४८०. भोकं पाडल्याने जो बोर्ड कमी झाला तो मापातून वजा होत नाही, हे सांगायला नको. कोव्हमधली एलईडी पट्टी ११ मीटर लागली, पण रोल पाच मीटरचा येतो म्हणून तीन रोल, २,१०० रुपये. त्यांना तीन ड्रायव्हर, १,८००. इथे दाजींनी एकच ड्रायव्हर घेऊन बचत करायचा प्रयत्न केला, तो वायरमनने हाणून पाडला, आणि बरोबरच केलं. बारा व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे एकाच टोकाने वीज देऊन ओढली तर दूरचं टोक मंद पडतं. पट्टी बसवायची मजुरी एक हजार. रंग वेगळा, फुटाला २२ प्रमाणे, आणि फूट अर्थातच २७२ : ५,९८४.

बाराशे रुपये मात्र दाजींनी खरोखर वाचवले. छतातलं छोटं झाकण, ज्याला ट्रॅप डोअर म्हणतात, ते नको म्हणाले, शोभा जाते म्हणून. एलईडी पट्टी वर्षानुवर्षं टिकते, आधी मरतो तो ड्रायव्हर. तिन्ही ड्रायव्हर दोन फुटी पट्टीच्या वर, बंद पोकळीत ठेवलेत. पहिला जाईल तेव्हा छत कापावं लागेल, आणि कापलेलं बुजवायचा दर फुटाला नसतो, तोंडाला येईल तो असतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरण तरीही झालं, त्याची वीज भिऱ्यात तयार होऊन मुंबईला गेली. आता त्याच तालुक्यात माणूस स्वतःच्या घरातली वीज स्वतःच्या हाताने स्वतःपासून लपवतो.

छतातल्या पाण्याचं म्हणाल तर ते अजून आलेलं नाही. ताम्हिणीच्या अलीकडे घर बांधून चार महिने कुलूप लावणाऱ्यांनी साध्या पांढऱ्या बोर्डाऐवजी दमट हवेसाठीचा हिरवा घ्यावा. या हॉलला तो चिठ्ठीवरच्या फुटाला नऊएक रुपयांनी महाग पडला असता. पण तो सोसतो ओलसर हवा, गळती नव्हे. स्लॅब गळला तर हिरवा काय नि पांढरा काय. उघड्या स्लॅबचं एक बरं असतं, गळलं की तिथेच दिसतं. सीलिंग असलं की पाणी बोर्डावर पसरतं, फिरतं, आणि भलत्याच कोपऱ्यातल्या दिव्याच्या भोकातून खाली येतं. म्हणून आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, एक पावसाळा जाऊ द्यायचा, मग सीलिंग. हा सल्ला दाजींना मी दिला तेव्हा ते निमंत्रणपत्रिकेचा कागद निवडत होते.

आता वरच्या मजल्यावरची खोली करायची आहे. तीही सोळा बाय बारा, डिझाइनही तेच. या वेळी दाजी तयारीत होते. सीलिंगवाल्याला समोर बसवून त्यांनी माझा कागद पुढे सरकवला : १९२ अधिक २० अधिक २८, खरं माप २४०, रनिंग फुटाचा रिवाज चालणार नाही, सेक्शन दीड फुटावर.

त्याने कागद नीट वाचला. मोबाइलवर काहीतरी गुणलं, भागलं.

"चालेल की साहेब. तुमच्या मापाने करू. पण मग दर साडेशहाण्णव पडेल. सेक्शन दीड फुटावर पाहिजेत तर वर अजून तीन."

"साडेशहाण्णव?" दाजी खुर्चीतून उठलेच. "अहो, खालच्याला पंच्याऐंशी लावले होते तुम्ही! काही नाही, पंच्याऐंशीनेच करा. माप तुमचं तुम्ही घ्या."