कोरमसाहेबांची खुर्ची

लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये, म्हणजे जुन्या चाळीच्याच उभ्या अवतारात, परवा वार्षिक सभा झाली. चौथ्या मजल्यावरचा पतपेढीतला कारकून पहिल्यांदाच आला. शेअर सर्टिफिकेटवर यंदाच नाव चढलंय, त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून दहाला दहा कमी असताना हजर. सेक्रेटरी जिन्याकडे बघत पुटपुटले, "कोरम नाही आला अजून."

पोरगं शहाणं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्याने रुमालाने पुसली आणि त्यावर वहीही ठेवली. कोणी बसायला आलं की सांगे, "काका, ती कोरमसाहेबांची आहे."

कोणी हसलं नाही. कारण हसायलाही आम्ही आठच जण होतो.

मग खजिनदारांनी त्याला समजावलं. एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला लहान आकडा म्हणजे कोरम. आमचे अठ्ठेचाळीस फ्लॅट. दोन तृतीयांश बत्तीस होतात, म्हणून वीस पुरतात. "आणि वीस नाही आले तर?" "अर्धा तास सभा तहकूब. साडेदहाला इथंच परत भरते, तेव्हा कोरमची गरज नाही. नोटिशीत छापलंय."

त्याने नोटीस वाचली. खरंच छापलं होतं, दरवर्षी छापतात, तेही सभेच्या चौदा दिवस आधी. म्हणजे लोक येणार नाहीत हे आम्हाला दोन आठवडे अगोदर ठाऊक असतं. मग तो अर्धा तास आम्ही काय करतो? खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. दहाला आम्ही आठ जण बेकायदा, साडेदहाला तेच आठ, त्याच खुर्च्यांवर, त्याच जांभया देत, अठ्ठेचाळीस घरांचे मालक! मधल्या वेळात फक्त वडे येतात. आणि वड्यांचा वास जिन्यात गेला की सहा जण उतरतात, बशी भरतात, सही करतात आणि "गॅसवर दूध आहे" म्हणून वर जातात. हीच मंडळी वर्षभर लिफ्टमध्ये गाठून विचारणार, रंगकामाचे पैसे कोणाला विचारून ठरवले? तुमच्या दुधाला विचारून ठरवले, साहेब! आणि गंमत अशी, की सभासदांनीच मागणी करून बोलावलेली सभा असेल तर कोरमअभावी ती तहकूब होत नाही, सरळ बारगळते. समितीला आठ चालतात, भांडणाऱ्यांना वीस लागतात.

साडेदहाला रंगकाम, पंप, वॉचमन सगळं "सर्वानुमते" मंजूर झालं.

पोराने हात वर केला. "काका, पुढच्या वर्षी सरळ साडेदहाचीच वेळ दिली तर?"

सेक्रेटरी गंभीर झाले. "मग अकराला भरेल."

निघताना त्याने पुसलेल्या खुर्चीवरची वही उचलली. खाली वड्याची रिकामी बशी होती. कोणीतरी येऊन गेलं होतं.