अश्रूंना रकाना नाही

ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला निबंध लागतात ते नेतृत्व, माणसं जोडणं, तिथलाच अभ्यासक्रम का आणि पुढचा बेत यांवर. आमचे अर्जदार सगळीकडे आईचे कष्ट आणि ‘लहानपणापासूनच’ वाढून ठेवतात. परीक्षक हळहळतो आणि कमी गुण देतो. त्याचाही नाइलाज असतो, त्याला पुरावा मोजायचा असतो.

‘मी गावात पाण्याबाबत जनजागृती केली.’ छान! पण पटवलं कुणाला, आडवं कोण आलं, बदललं काय? ‘टँकरवर खूश असलेल्या सरपंचांना ग्रामसभेत खर्चाचा हिशेब दाखवला, उन्हाळ्याआधी विहिरीचा गाळ निघाला’ असं लिहिलं, की नेतृत्वाच्या रकान्यात काहीतरी पडतं.

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा, हे कोणत्या निकषाला गुण मिळवून देईल. जिथे समास कोरा राहील, ते वाक्य बहुधा तुमचं सर्वांत लाडकं असेल. ते काढा. मग मसुदा फारसं प्रेम नसलेल्या नातेवाइकाकडून तपासून घ्या. असे नातेवाईक मुबलक असतात.

आणि हो, पुढच्या बेतात लंडनमधलं घर रंगवू नका. शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं, ही अट आहे.