हमखास नफ्याच्या यंत्रमानवास अनावृत पत्र

श्रीमान बॉटसम्राट यांस,

स. न. वि. वि.

आपण माझ्या भाच्याला ४९,९९९ रुपयांना बँक निफ्टीचा बॉट विकलात आणि दरमहा ८ टक्के परताव्याची हमी दिलीत. ५० हजारांना एक रुपया कमी ठेवण्याच्या आपल्या मोठ्या मनाचा विषय आमच्या घरी अजून निघतो. सोबत आपण ‘बॅकटेस्ट’ची पीडीएफ पाठवली होती. बॉट जुन्या काळात चालला असता तर किती कमावलं असतं, याचा हा हिशेब, जानेवारी २०१२ ते डिसेंबर २०२३. मी जिल्हा बँकेत तीस वर्षं व्हाउचरं तपासली आहेत. शेअर बाजारातलं मला फारसं कळत नाही, पण कागद समोर आला की हात शिवशिवतात.

आधी आपली हमीच घेतो. दरमहा ८ टक्के चक्रवाढीने वाढले तर १ लाखाचे दहा वर्षांत १०० कोटींहून जास्त होतात. पोराच्या कॅल्क्युलेटरवर मी तीनदा करून पाहिलं. आपल्याकडे हे यंत्र २०१२ पासून आहे म्हणता, तरी दुपारी तीन वाजता, ऐन उन्हात, कराडच्या एका पोराला फोन करून “सर, आज शेवटचे दोनच स्लॉट उरलेत” असं आपण सांगता. एवढी समाजसेवा आमच्या बँकेच्या अध्यक्षांनीही कधी केली नाही.

आता पीडीएफ. तिच्यात आपला बॉट बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन घेत होता. पहिल्या पानावर २०१२, २०१३, २०१४, २०१५ या चारही वर्षांचा दर आठवड्याचा नफा दिला आहे, अगदी पैशापर्यंत. भाच्याच्या एका मित्राला विचारलं तेव्हा कळलं, की बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन एनएसईवर सुरूच झाले मे २०१६ मध्ये. त्याआधी फक्त महिन्याचे होते. म्हणजे बाजारात माल यायच्या आधी चार वर्षं आपण तो विकत घेत होतात. आमच्या बँकेत एका कारकुनाने शाखा उघडायच्या आधीच्या तारखेची पावती फाडली होती. त्याला आम्ही द्रष्टा म्हटलं नाही, निलंबित केलं.

२०१६ नंतरच्या ओळी खऱ्या असतील, असं मी मोठ्या मनाने धरून चाललो. त्या मित्राने मिनिटामिनिटाचे जुने भाव विकत घेतले होते. ते समोर ठेवून ऑक्टोबर २०२३ मधली एक ओळ आम्ही ताडून पाहिली. आपला नियम असा: सकाळची पहिली पंधरा मिनिटांची कॅन्डल हिरवी बंद झाली, तर कॉल ऑप्शन घ्यायचा. कॅन्डल सुरू होते ९:१५ ला आणि संपते ९:३० ला. ती हिरवी की लाल, हे ९:३० च्या आधी ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. आपल्या बॉटला मात्र असतं! आपल्या कागदावर खरेदी आहे ९:१५ ची, १८० रुपयांना. संकेत मिळाला तेव्हा, म्हणजे ९:३० ला, त्याच ऑप्शनचा भाव होता २१२. विक्री २०५ ला.

म्हणजे कागदावर प्रत्येक युनिटमागे २५ रुपये नफा, १५ च्या लॉटवर ३७५. प्रत्यक्षात नियमाप्रमाणे चालणाऱ्याने २१२ ला घेतलं आणि २०५ ला विकलं. त्याचा तोटा १०५ रुपये, वर दोन ऑर्डरींची दलाली आणि कर वेगळे. एकाच सौद्याची ही दोन चित्रं. फरक एवढाच, की आपला बॉट साडेनऊचं वर्तमानपत्र सव्वानऊला वाचतो. या युक्तीला या धंद्यातले जाणकार ‘लुक-अहेड’ म्हणतात. कधी ती नवशिक्याकडून नकळत होते. पण आम्ही तपासलेल्या चाळीस ओळींपैकी चाळीसही ओळींत ती होती, आणि चुका इतक्या शिस्तीने होत नाहीत.

दलाली, कर आणि ऑर्डर पूर्ण होईपर्यंत सरकणारा भाव यांचा आपल्या कागदावर उल्लेखच नाही. दिवसाला चार-पाच सौदे करणाऱ्या बॉटचा नफा हेच तीन उंदीर कुरतडून संपवतात.

आपण स्वतःच्या खात्याचे स्क्रीनशॉटही पाठवलेत. एक दिवस भाच्याने ब्रोकरचं पान उघडलं, माउसचं उजवं बटण दाबून ‘Inspect’ निवडलं आणि अर्ध्या मिनिटात स्वतःचा तोटा ३ लाखांच्या नफ्यात बदलून दाखवला. पान पुन्हा लोड केलं की नफा गेला. आम्ही पोट धरून हसलो. भाचा जरा कमी हसला, कारण तोवर त्याच्या २ लाखांतले १ लाख १८ हजार गेले होते. तीन महिन्यांत. त्याने हमीची आठवण करून दिली तेव्हा आपण “मार्केट साइडवेज आहे, प्रीमियम व्हर्जन घ्या” म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलंत.

एक गोष्ट आपण खरी सांगता: अल्गो पैसे कमावतात. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या एफ अँड ओ नफ्यातला ९७ टक्के आणि दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या व्यवहारांतल्या नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोंचाच होता. त्याच अभ्यासात आहे, की तीन वर्षांत वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. पहिला आकडा आपण जाहिरातीत वापरता आणि दुसऱ्यातून गिऱ्हाईक काढता. त्या मोठ्यांचे अल्गो मात्र ४९,९९९ रुपयांना व्हॉट्सअॅपवर मिळत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर सेबीने २ सप्टेंबर २०२२ रोजीच दलालांना बजावलं आहे: अल्गोच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचे दावे करायचे नाहीत, आणि तसे दावे करणाऱ्यांशी संबंधही ठेवायचा नाही. पुढे ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने, ज्याचे नियम ग्राहकाला दिसत नाहीत असा अल्गो विकणाऱ्याला रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी सक्तीची केली. आपला नोंदणी क्रमांक मी मागितला, तेव्हा आपण हात जोडल्याचं चित्र पाठवलंत. ते मी फाइलला लावलं आहे. भाच्याने १९३० वर तक्रार नोंदवली आहे, आणि हे पत्र व आपली पीडीएफ तिला जोडली आहे.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एकच विनंती. बॅकटेस्ट हाती आली की एकूण नफा शेवटी वाचा. आधी कोणतीही एक ओळ घ्या आणि विचारा: संकेत किती वाजता मिळाला, खरेदी किती वाजता झाली, आणि त्या दिवशी ती वस्तू बाजारात होती का?

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तपासनीस

ता. क. – पीडीएफच्या ४१ व्या पानावर आपण एका मंगळवारी ११,४०० रुपये कमावले आहेत. तारीख १५ ऑगस्ट २०२३. त्या दिवशी बाजार बंद होता.