हे काय औषध हाय व्हय?

ज्येष्ठ नागरिक संघात ‘पूरक गोळ्या घ्या जपून, आधी डॉक्टरांना विचारा’ असं व्याख्यान ठेवलं की पहिल्या रांगेतली खुर्ची आप्पांची. चाकूर असो, अहमदपूर असो की उदगीर, संघ तिथं आप्पा. खरं नाव काही असेल, आपण आप्पा म्हणू. लातूरहून आलेले डॉक्टर बोलायला उभे राहायच्या आत आप्पांनी त्यांना हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीतल्या गोळ्या दाखवलेल्या असतात आणि शेजारच्या दोघांना त्यातली एकेक वाटलेलीही असते. डॉक्टर म्हणतात, “कोणतंही औषध मनानं घेऊ नका.” सगळ्यात जोरात मान हलते ती आप्पांची. ती मान खोटी नसते. आप्पा मनानं औषध घेत नाहीतच. रक्तदाबाची गोळी वीस वर्षं झाली, तरी अर्धीची पाऊण केली नाही त्यांनी. मग बरणीत काय आहे? कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, माशाचं तेल, डी जीवनसत्त्वाची साठ हजारवाली पुडी. विचारून पाहा. उत्तर ठरलेलं आहे: “आवो, हे काय औषध हाय व्हय?”

या एका वाक्यापुढे व्याख्यान हरतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा खटाटोप. आप्पा अडाणी आहेत असं धरून वक्ते बोलतात. आप्पा तर डब्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारा माणूस. आणि गंमत म्हणजे कायदा बराचसा त्यांच्याच बाजूचा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांप्रमाणे अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचं वाक्य छापावंच लागतं. परवाना अन्नाचा, म्हणजे कागदोपत्री ते बिस्किटांच्या कुटुंबातलं. त्याच लेबलावर सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका असंही छापलेलं असतं. आप्पांचं भिंग नेमकं पहिल्या वाक्यावरच थांबतं. आता डॉक्टर दवाखान्यात विचारतात काय? “औषधं कोणती चालू आहेत?” आप्पा प्रामाणिकपणे सांगतात, “बीपीची एक.” बरणी घरीच. विचारणाऱ्याचा प्रश्न बरोबर, सांगणाऱ्याचं उत्तर खरं, आणि तरी डॉक्टरांना निम्मंही कळलेलं नसतं. ‘आधी डॉक्टरांना विचारा’ हा सल्ला इथं अडतो. जे औषधच नाही, त्याच्याविषयी डॉक्टरांना विचारायचं कशाला?

आप्पांच्या बरणीतली एकच वस्तू घेऊ, डीची पुडी. सत्तरीपुढच्या माणसाला डी जीवनसत्त्व रोज साधारण 800 युनिट लागतं, आणि मनानं घ्यायचं तर रोज 4,000 युनिटांच्या वर जाऊ नये असं धरतात. पुडीत 60,000 असतात. कमतरता निघाली तर डॉक्टर ती आठवड्याला एक, अशी साधारण आठ आठवडे देतात. म्हणजे दोन महिन्यांत 4 लाख 80 हजार. पुढे पुडी महिन्याला एक, किंवा बंद. आप्पांची चिठ्ठीही आठवड्याला एक अशीच होती. पण चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून’ पुसट झालं, गुडघे दुखतच राहिले, आणि मेडिकलवाल्यानं जुनी चिठ्ठी पाहून पुड्या दिल्या. आठवड्याला एकीनं थोडं बरं वाटतं तर रोज एकीनं केवढं वाटेल, हा हिशोब पाटीवर मांडला तर चुकलाय असं कुणी म्हणणार नाही. महिनाभर रोज एक पुडी म्हणजे 18 लाख युनिट. हिशोब चुकतो तो असा की बी आणि सी जीवनसत्त्वाचा जास्तीचा भाग बहुतांशी लघवीवाटे निघून जातो; डी चरबीत साठतं आणि तिथून आठवडे, महिने हळूहळू बाहेर येत राहतं.

डीचं काम आतड्यातून कॅल्शियम रक्तात घेणं. डी भरमसाट झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. आप्पा वर कॅल्शियमच्या दोन गोळ्या घेतात, एक सकाळी एक रात्री. आता त्यांची ती एकुलती एक, कबूल केलेली बीपीची गोळी पाहा. तिच्या नावापुढे इंग्रजी ‘एच’ आहे. म्हणजे तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड नावाचं लघवी वाढवणारं औषध आहे, आणि त्याचा स्वभाव असा की ते मूत्रपिंडाला कॅल्शियम बाहेर टाकू देत नाही. क्लोरथॅलिडोन असलेल्या गोळ्यांचंही तेच. पुडी कॅल्शियम आत ओढते, दोन गोळ्या पुरवठा करतात, आणि डॉक्टरांनी दिलेली चांगली गोळी बाहेरचं दार लावून घेते. तिघांपैकी कुणीही एकटं गुन्हेगार नाही. म्हणून तर सुट्या-सुट्या चौकशीत सापडत नाही.

पुढचा भाग जरा केविलवाणा आहे. रक्तात कॅल्शियम चढलं की तहान लागते, लघवी वाढते, बद्धकोष्ठ होतं, भूक जाते, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही, डोक्यात गोंधळ होतो. पंचाहत्तरीच्या माणसात यातलं एकही लक्षण कुणाला नवं वाटत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. आप्पा असं म्हणत नाहीत. आप्पांकडे उपाय असतो. बद्धकोष्ठाला इसबगोल, थकव्याला आणखी एक मल्टिव्हिटॅमिन, विसरायला होतं म्हणून ब्राह्मीची गोळी. कुणी हटकलंच तर तेच, “हे काय औषध हाय व्हय?” बरणी भरत जाते आणि आजार बरणीतूनच येतो आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ओळखायची खूण एवढीच की ही सगळी लक्षणं थोड्या आठवड्यांत एकत्र आली आणि त्याआधी काहीतरी नवं सुरू झालं होतं. मग रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डीची पातळी तपासतात. कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 च्या दरम्यान असावं. 12 च्या वर गेलं की मामला दुर्लक्ष करण्यापलीकडचा, आणि तसंच राहिलं तर मूत्रपिंडाला इजा होते. पुडी आणि कॅल्शियम बंद करून, सलाइन देऊन कॅल्शियम उतरवतात, पण साठलेलं डी पाझरत असल्यानं तपासण्या पुढे काही आठवडे कराव्या लागतात.

आप्पांचे आक्षेप मात्र ऐकले पाहिजेत, कारण ते हलके नाहीत. पहिला आक्षेप: मराठवाड्यातलं ऊन डोक्यावर घेत जन्म गेला, तेव्हा डी जास्त झालं नाही, ते आत्ताच कसं होईल? उत्तर कातडीत आहे. उन्हात कातडी डी बनवते आणि पुरेसं झालं की जास्तीचं तिथंच मोडून टाकते. उन्हानं डीची विषबाधा होत नाही. पुडी कातडीला वळसा घालून पोटातून जाते, तिथं असा पहारेकरी नाही. दुसरा आक्षेप: हाडांसाठीच घेतो ना, थोडं जास्त झालं तर हाडं जास्त पक्की होतील. हे ऑस्ट्रेलियात करून पाहिलेलं आहे. सत्तरीपुढच्या 2,256 बायकांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट आणि बाकीच्यांना नुसती बनावट गोळी, असं काही वर्षं दिलं. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांना खरं डी मिळालं त्याच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. कमतरता असतेच की! असते. माळकरी घरातल्या, जन्मभर मांसाहार न केलेल्या म्हाताऱ्यात बी-12 कमी निघणं हे रोजचंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी उतरतं. त्यांना गोळी किंवा इंजेक्शन हवंच आणि ते मिळालं नाही तर पायाला मुंग्या येऊन चाल बिघडते. म्हणून ‘सगळं फेकून द्या’ म्हणणारा वक्ता आप्पांइतकाच चुकतो. कुणाला काय हवं हे बरणी पाहून कळत नाही, तपासणीवरून कळतं. आणि जे हवं तेही वेळ पाहून घ्यावं लागतं: थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकदम घेतलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तास हवेत. चौथा आक्षेप डॉक्टरांवर. विचारायला जावं तर दोन मिनिटांत बाहेर, आणि पुडी तरी लिहिली कुणी? डॉक्टरांनीच. लिहिली, पण कधी थांबवायची ते चिठ्ठीवर लिहिलं नाही. इथं आप्पांची बाजू घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि बाजू घ्यायचीच तर आणखी थोडी घेऊ. बरणीतला निम्मा माल आप्पांनी विकत घेतलेला नसतोच. तो पुण्याहून, हैदराबादहून, कधी अमेरिकेहून कुरिअरनं आलेला असतो. मुलाला दिवाळीत यायला जमत नाही, तेव्हा माशाच्या तेलाच्या दोन बाटल्या येतात. बापानं त्या घ्यायच्या नाहीत म्हणजे काय करायचं? शिवाय ‘गुडघा कसा हाय?’ असं गावात रोज विचारणारा माणूस आप्पाच असतो. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं की सकाळच्या एसटीनं लातूरला सोबत जाणारा तोच, फाइल काखेत धरून ओळीत उभा राहणाराही तोच. गोळ्या वाटणं हे त्याचं विचारपूस करणंच आहे. हात रिकामा ठेवून विचारपूस करायची त्याला सवय नाही इतकंच. चीड येते या माणसाची, पण संघातून त्याला वजा केलं तर उरतात त्या खुर्च्या.

म्हणून संघांना विनंती अशी. पुढच्या वेळी व्याख्यान ठेवू नका. डॉक्टरांना किंवा शिकलेल्या फार्मासिस्टला बोलवा आणि प्रत्येकाला घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगा. गोळ्या, पुड्यांची रिकामी पाकिटं, काढ्याच्या बाटल्या, मुलानं पाठवलेले डबे, सगळं. औषध आहे की नाही हा वाद तिथं काढूच नका; तोंडात जातं का, एवढंच विचारा. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: कुणी सांगितलं, किती, केव्हापासून, केव्हा थांबवायचं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट डॉक्टरांना विचारायची. डॉक्टरांची चालू असलेली गोळी मात्र या भरात कुणी परस्पर बंद करू नये. पिशव्या गोळा करायचं काम आप्पांना द्या. घरोघरी जाऊन ते कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत शोधतील आणि कुणी म्हणालंच की अहो, हे काय औषध आहे का, तर त्याला गप्प कसं करायचं हे त्यांना इतरांपेक्षा बरं ठाऊक असेल.