वाढतं अंग, आटतं कापड

जून महिन्यात आमच्या शहरात मुलांना एक तर पावसाळी सर्दी होते, नाहीतर कराटेचा क्लास लागतो. शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या गच्चीवर, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी पांढऱ्या ड्रेसातली मुलं दिसू लागतात. त्या ड्रेसच्या बाह्या मात्र नीट पाहाव्यात. निम्म्या मुलांना हातच नसतात. बाहीच्या टोकातून फक्त नखं डोकावतात, आणि सर ‘पंच’ म्हणाले की आधी बाही पुढे जाते, मूठ मागून येते.

याच्या मुळाशी एक जुनं मराठी तत्त्वज्ञान आहे: ‘वाढत्या अंगाचं घ्या.’ त्यावर शाळेचे गणवेश निघाले, मुंजीतले कोट निघाले, स्वेटर तर तीन-तीन भावंडांत निघाले. मग कराटेचा ड्रेस का निघू नये? आईचा दुसरा मुद्दाही बिनतोड असतो: सुती आहे, आटेल. वाढीसाठी एक नंबर आणि आटण्यासाठी एक नंबर, असे दोन नंबर चढवून ड्रेस घरी येतो.

या ड्रेसचे नंबर मुळात उंचीवर चालतात. ११० सेंटिमीटर उंचीला तीन शून्यं, १२० ला दोन, १३० ला एक शून्य. मग १४० ला १ नंबर, १५० ला २, १६० ला ३, असं दहा-दहा सेंटिमीटरने चढत जायचं. तक्त्यात शेजारी वजनाचाही रकाना असतो, पण तो कोणी वाचत नाही. त्याच्याकडे नंतर वळू. आधी कापड.

‘सुती’ म्हणून जे घरी येतं ते दर वेळी सुती असतंच असं नाही. स्वस्तातला ड्रेस बहुधा टेरीकॉटचा निघतो, आणि टेरीकॉट आटत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा ‘आटेल’ म्हणून मोठा घेतलेला टेरीकॉटचा ड्रेस जन्मभर मोठाच राहतो. दुकानात कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून सोडावा. सुती कापड रागावल्यासारखं चुरगळलेलंच राहतं, टेरीकॉट लगेच माफ करतं. ओल्या बोटानेही कळतं. सुती कापड पाणी पटकन पिऊन टाकतं, टेरीकॉटवर थेंब जरा रेंगाळतो.

सुती कापड आटतं ते काही खोडी काढायची म्हणून नाही. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि पुढे गिरणीतल्या सगळ्या प्रक्रियेतही कापड ओढलेलंच राहतं. पहिल्यांदा पाण्यात पडलं की तंतू फुगतात, ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ लांबीकडे परततो. उभ्या धाग्यावर ताण जास्त असतो म्हणून कापड सहसा लांबीत जास्त आटतं, रुंदीत कमी. ज्या शहरात हिमरूचे माग चालले आणि ज्याच्या शेजारी पैठण आहे, तिथे हे नव्याने सांगायला नको. आपल्या आज्या तर मांजरपाट भिजवून वाळवल्याशिवाय शिंप्याला शिवूच द्यायच्या नाहीत, आणि साडीचा फॉल आजही आधी भिजवूनच लावला जातो. कराटेचा ड्रेस शिवून येतो आणि नंतर भिजतो, एवढाच फरक. त्याचा पुरावा शिवणीवर दिसतो. कापड आटतं पण शिवणीचा पॉलिएस्टर दोरा आटत नाही, म्हणून बाहीच्या टोकाशी ज्या चार-सहा समांतर टिपा असतात तिथे बारीक चुण्या पडतात. चुण्या पडल्या म्हणजे कापड खरंच सुती होतं, असं समजावं.

चांगला सुती ड्रेस तीन ते पाच टक्के आटतो, गरम पाण्यात जास्त. बरंचसं काम पहिल्या धुण्यात होतं, उरलंसुरलं दुसऱ्या-तिसऱ्यात. त्यानंतर तो बहुतेक स्थिरावतो.

आता आमच्या शेजारच्या वहिनींची दोन मुलं घेऊ. मुलगी बारा वर्षांची, १४८ सेंटिमीटर, ३८ किलो, कराटेला जाते. धाकटा अकराचा, १४२ सेंटिमीटर, ४६ किलो, ज्युदोला. वहिनींचं ठरलेलं होतं: ताईला १६०चा ड्रेस, धाकट्याला १४०चा, आणि पुढे ताईचा धाकट्याला.

मी टेप काढली. बाही खांद्यापासून मोजायची नसते, कारण या ड्रेसला खांद्याची शिवण खांद्यावर नसतेच, ती दंडावर उतरलेली असते. हात आडवे पसरायला सांगायचे आणि पाठीच्या मधल्या रेषेपासून मनगटापर्यंत मोजायचं. ताईचं माप ५८ भरलं. ड्रेसही तसाच, पाठीच्या मधल्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत मोजला. १५०चा ६० निघाला, १६०चा ६४. चार टक्के आटणं धरलं तर १५०चा साधारण साडेसत्तावन्नावर येतो, म्हणजे मनगटाच्या किंचित अलीकडे. १६०चा आटूनही साडेएकसष्ट राहतो, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर तळहातावर.

कराटेच्या जागतिक संघटनेचा नियम इथे आडवा येतो. बाही मनगट जिथे वळतं त्याच्यापुढे जाता कामा नये, आणि कोपर ते मनगट या भागाच्या निम्म्यापेक्षा आखूड नको. वर दुमडून घेतलेली बाही चालत नाही. तेव्हा ‘सध्या दोन घड्या घाल, पुढच्या वर्षी सोडू’ हा आपला लाडका तोडगा स्पर्धेच्या मॅटवर बाद. पायांचं तेच. पँट घोट्याच्या हाडाखाली नको, नडगीचा दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे, आणि तीही दुमडायची नाही.

या नियमात एक गंमत आहे, ती आयांच्या लक्षात कोणी आणून देत नाही. मनगटापुढे एक सेंटिमीटरचीही सूट नाही. मागे मात्र ताईच्या हातावर अकरा सेंटिमीटर मोकळे आहेत. मूल वर्षाला सहा सेंटिमीटर वाढलं तर पाठीपासून मनगटापर्यंतचं अंतर जेमतेम अडीच सेंटिमीटरने वाढतं. म्हणजे आज मनगटाला टेकलेली बाही पुढची तीन-चार वर्षं नियमात बसते. हिशेब पुढे नेला तर ताई पावणेसहा फूट झाली तरी बाहीबद्दल पंच काही बोलू शकणार नाहीत. अर्थात त्याआधी पँट आखूड होईल आणि छातीला ड्रेस पुरणार नाही, ते निराळं. पण वाढत्या अंगाची सोय नियमाने आधीच करून ठेवली आहे, आपण वरून दोन नंबर चढवायचं कारण नाही. ताईला १५०चाच घेतला.

धाकट्याचं सगळं उलट. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याची बाही पकडायची असते. बाही आखूड म्हणजे समोरच्याला पकडायला जागाच नाही, ही उघड लबाडी झाली. कोदोकानच्या सुरुवातीच्या काळात बाह्या कोपरापर्यंतच असत, पुढे त्या लांबल्या. आज आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तपासणीत हात समोर ताठ केले की बाहीने मनगटाच्या हाडासकट सगळा हात झाकायला हवा, आणि आत किती मोकळी जागा आहे तेही मोजतात. जिल्ह्याच्या स्पर्धेत इतकं कोणी ताणत नाही, पण वर जायचं तर सवय आधीपासून बरी. म्हणजे कराटेत आटणं आपल्या बाजूने, ज्युदोत आपल्याविरुद्ध. त्यात ज्युदोचं कापड जाड, खरबरीत विणीचं. ते सहा टक्केही सहज आटतं.

धाकट्याचं मनगट ५६ वर. १४०चा ड्रेस दुकानात नेमका ५६ होता आणि अंगात इतका सुरेख बसला की वहिनी खूश. तो आटून साडेबावन्नावर गेला असता, साडेतीन सेंटिमीटर मनगट उघडं. १५०चा ६० वरून साडेछप्पन्नाच्या आत थांबतो आणि हाड झाकतो. दुकानात बाही तळहातावर लोंबत होती, वहिनींचा चेहरा पडला, पण ज्युदोचा सुती ड्रेस कोरा असताना असाच दिसायला हवा.

वजनाचा रकानाही त्याच्यासाठी १५०कडेच बोट दाखवत होता. जॅकेटची डावी बाजू उजवीवर येते आणि ती नुसती टेकून भागत नाही, चांगली चढावी लागते. नाहीतर पहिल्याच झटापटीत ड्रेस बेल्टमधून सुटून उघडतो आणि मूल सामन्यापेक्षा ड्रेसशीच जास्त लढतं. उंची एक नंबर सांगत असेल आणि वजन दुसरा, तर जाडजूड मुलासाठी वजनाचं ऐकावं. लांब बाही कापता येते, घेर वाढवता येत नाही. तर दोन्ही भावंडांना एकाच नंबरचा ड्रेस आला. आपण ताईएवढे झालो असं धाकट्याने दिवसभर सांगितलं. ताईचा जुना ड्रेस आपल्याला मिळणार नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

बाही कापायची वेळ आलीच तर ती तीन धुण्यांनंतर. गुलमंडीच्या अलीकडे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे असं काम नेलं की ते कापड बोटांत धरून विचारतात, “ताई, हा ड्रेस आहे का तंबूची कनात?” मग कुरकुरत १६ नंबरची जाड सुई लावतात. त्यांना एवढंच सांगायचं की नुसती एक टीप मारून देऊ नका, आधी होत्या तितक्या समांतर टिपा मारा. त्या टिपांनीच बाहीचं टोक ताठ राहतं. आणि कापण्याऐवजी जादाचं कापड आत घेऊन शिवून टाकलं तर दोन वर्षांनी उसवता येतं. आतली शिवलेली दुमड म्हणजे वर गुंडाळलेली बाही नव्हे.

राहिलं धुणं. आमच्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे तीन धुणी म्हणजे पाण्याच्या तीन पाळ्या, हे लक्षात ठेवून दिवस मोजावेत. ड्रेस थंड पाण्यात रात्रभर भिजवावा, न पिळता दोरीवर टाकावा, वाळला की त्याच टेपने मोजावा. थोडा लांब वाटला तर पुढच्या वेळी कोमट पाणी. उकळतं पाणी घाईने वापरू नये, आटलेलं कापड परत ताणता येत नाही. पांढराशुभ्र व्हावा म्हणून ब्लीच तर नकोच, सुती धागा त्याने कमजोर होतो.

एक अडचण उरते आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. धुतल्याशिवाय ड्रेस किती आटेल ते कळत नाही, आणि धुतलेला ड्रेस दुकानदार परत घेत नाही. म्हणून दुकानात जाताना मुलाबरोबर टेपही न्या, पाठीच्या मधून मनगटापर्यंतचा आकडा घरीच लिहून ठेवा, आणि मुलाची बेल्टची परीक्षा किंवा स्पर्धा निदान तीन आठवडे पुढे असेल तेव्हाच नवा ड्रेस घ्या.